चाक थांबेपर्यंत

आनेकलच्या एका कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरक्षेची इंग्रजी फिल्म तमिळमध्ये करायची होती. चित्र तेच ठेवून फक्त आवाज बदलायचा. बनशंकरीतल्या स्टुडिओत मी माझं तमिळ भाषांतर आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. "मशीन बंद करा, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा, मगच झाकण उघडा." या दृश्याला सहा सेकंद होते आणि तमिळ वाक्याला नऊ लागत होते. मी शब्द छाटले, तरी ते आठच्या खाली येईना. आवाज देणाऱ्या अक्कांनी भरभर वाचून पाहिलं, तर एक शब्द धड कळेना.

"हा शॉट दोन सेकंद लांबवू या," मी कंपनीच्या साहेबांना म्हटलं.

"फिल्मची लांबी वाढवायची नाही."

"मग शेवटच्या लोगोतले दोन सेकंद कमी करू."

"लोगोला हात लावायचा नाही," मोबाइलमधून डोकं वर न काढता ते म्हणाले. "ते वाट पाहा वगैरे काढून टाका. तेवढं कळतं लोकांना."

शिसारी आली मला. त्यांची आलीच, पण मी ते निमूटपणे काढलं, त्याची जास्त. अक्कांनी उरलेलं वाचलं आणि ते सहा सेकंदांत चपखल बसलं. "झाकण उघडा" म्हणताना पडद्यावर चाक अजून फिरत होतं. साहेब म्हणाले, "परफेक्ट."

शेवटी लोगो आला. तो गरगर फिरत येतो आणि पूर्ण थांबायला नऊ सेकंद घेतो. तो थांबेपर्यंत आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली.