लेकीचं माहेर विमानात बसलं त्याची हकिकत

आमच्या कळंबच्या शाळेतल्या बाईंची नक्कल मी चौथीपासून करतो. त्यांचा चष्मा नाकावर घसरायचा आणि तो वर न करताच त्या वर बघायच्या. तेवढं जमलं की पुढचं सगळं सोपं. त्यामुळं मी नोकरीला होतो त्या सोलापूरच्या तिकीट पेढीत बाईंचं पत्र आलं, तेव्हा मी ते शेठना त्याच आवाजात वाचून दाखवायला लागलो. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज आपोआप माझा झाला.

बाई पडल्या होत्या. न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण पायावर उभं राहता येत न्हाय. आणि त्यांची एकुलती एक लेक दिल्लीत, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून कळंबला सगळी तयारी झालेली. तर दिल्लीच्या डॉक्टरनं लेकीला सांगितलं, खाटेवरून उतरायचं न्हाय, प्रवासाचं नाव काढायचं न्हाय. बाईंनी लिहिलं होतं, ‘ती माहेरी येऊ शकत नसेल तर माहेर तिच्याकडं गेलं पाहिजे. आगगाडीत दोन दिवस आणि दोनदा गाडी बदलणं मला जमणार नाही. विमानाचं बघ. दिवस थोडे आहेत.’

शेठ म्हणाले, “बघतोस काय? फॉर्म काढ.”

आमच्या पेढीत विमानाची तिकिटं म्हणजे वर्षातून मोजकीच. गिरणीमालक, एखादा वकील. आजारी माणसाचं तिकीट मी कधी काढलेलंच न्हाय. शेठनी कपाटातून विमान कंपनीचा डॉक्टरी दाखल्याचा फॉर्म शोधून काढला. काय झालंय, माणूस सरळ बसू शकतो का, चालू शकतो का, आजार दुसऱ्याला लागण्यासारखा आहे का, सोबतीला कोण, चाकाची खुर्ची पाहिजे का, ऑक्सिजन पाहिजे का. खाली डॉक्टरची सही, शिक्का आणि तारीख. दाखला ताजा पाहिजे, महिनाभर आधीचा चालत न्हाय. दिल्लीचं विमान हैदराबादहून, म्हणून तो तिथल्या कंपनीच्या डॉक्टरकडं जाणार, त्यानं ‘हो’ म्हटलं की जागा पक्की. तोवर नुसती विनंती.

फॉर्म टपालानं कळंबला गेला, आठ दिवसांत भरून परत आला. कळंबच्या डॉक्टरनं सोबत वेगळा कागद जोडला होता, टाइप केलेला. मी वाचला आणि खूश झालो. पेशंटला दम्याचा जुनाट विकार. बसल्या जागी धाप लागते. अशक्तपणा पराकोटीचा. थोड्याही हालचालीनं प्रकृतीस धोका. संपूर्ण विश्रांतीची नितांत गरज. मला वाटलं, काय जोरदार लिहिलंय! एवढं वाचून कुणाचंही काळीज पाघळंल, लगेच खुर्ची पाठवतील. मी तो कागद तसाच हैदराबादला धाडला.

तिसऱ्या दिवशी तार आली. प्रवासी विमान प्रवासास अपात्र. जागा नाही.

शेठनी कागदाची आमच्याकडची प्रत मागितली, वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“अरे गाढवा, हा रजेचा दाखला आहे.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या कळंबात डॉक्टरकडं दाखला मागायला कोण जातं? मास्तर, तलाठी, कारकून. कशासाठी? रजेसाठी. जेवढा आजार मोठा तेवढी रजा पक्की. या डॉक्टरनं उभ्या आयुष्यात दाखला लिहिला तो रजेचाच. आणि तो स्वतः बाईंचा विद्यार्थी. बाईंना दाखला पाहिजे म्हटल्यावर त्यानं आपल्याकडचा सगळ्यात कडक दाखला लिहून दिला. प्रेमानं. आणि मीही कळंबचाच, मलाही ते भारीच वाटलं.

“ट्रंक कॉल लाव,” शेठ म्हणाले. “त्यांच्या डॉक्टरशी बोल. म्हणावं चूक झाली.”

कॉल लागायला दुपार झाली. पलीकडं कंपनीचा डॉक्टर, हैदराबादी. “वो पेशंट के डॉक्टर को दो फोन,” म्हणाला. आता कळंबचा डॉक्टर सोलापुरात कुठून आणू? शेठ गिऱ्हाईकाशी बोलत होते. आणि माझ्या गळ्यात तर त्या डॉक्टरचा आवाज तयारच होता, जरा नाकातला, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारा. मी खाकरलो.

“यस, डॉक्टर स्पीकिंग. पेशंट एकदम ठीक आहे.”

“नब्ज कितनी है?”

मी विचार केला, नब्ज म्हणजे नाडी. “दोन्ही हातांत आहे साहेब.”

 मग तो शांतपणे म्हणाला, “मियाँ, तुम डॉक्टर हैं या बँड में बाजा बजाते?”

मी सगळं कबूल केलं. रजेचा दाखला, बाई, दिल्ली, लेक, सगळं एका दमात. शेठ आता माझ्याकडंच बघत होते. तो डॉक्टर हसला न्हाय. त्यानं समजावलं, तेही हळू. हे विमान वर गेलं की हवा पातळ होते. ज्याला जमिनीवर बसल्या जागी धाप लागते, तो वर गेल्यावर निळा पडतो. ऑक्सिजनची टाकी आपल्या आपण आणता येत न्हाय, कंपनीनं आधी सोय करावी लागते, आणि सोबत नर्स लागते. “मेरे को सच्चा कागज होना. और अम्माँ को एक दिन पहले मेरे सामने लाओ. मैं देखतूँ. देखे बिना नै बिठाता.” पुढच्या आठवड्यातल्या विमानात दोन जागा धरून ठेवतो म्हणाला, एक बाईंची, एक सोबतीणीची. नाही जमलं तर सोडून देणार.

फोन ठेवल्यावर शेठ एवढंच म्हणाले, “परत कधी माझ्या फोनवर खाकरलास तर बघ.”

रविवारी मी एस.टी.नं कळंब गाठलं. बाई पलंगावर, पाय उशीवर, शेजारी त्यांची भाची डिंकाचे लाडू डब्यात भरत बसलेली. सोबतीला तीच जाणार होती. मी दाखल्याची प्रत बाईंच्या हातात दिली. चष्मा घसरला. मी खाली बघितलं.

“बोलव त्याला,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर दवाखाना सोडून आला. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस, बाईंच्या पलंगापुढं हात मागं बांधून उभा राहिला.

“हे काय लिहिलंस?”

“बाई, तुमच्यासाठी म्हणून मी जरा...”

“बसल्या जागी धाप लागते? मला? आत्ता लागलीय का?”

“न्हाय बाई.”

“संपूर्ण विश्रांती! अरे, परवा मी पलंगावरून पोरींच्या वह्या तपासल्या. मग हे दुखणं कुणाचं आहे?”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी कशाला मध्ये पडतोय.

“बाई, ते तसंच लिहायची पद्धत आहे,” तो म्हणाला. “न्हायतर कुणी मंजूर करत न्हाय.”

“आता पद्धत सोड. तपास मला आणि जे दिसंल ते लिही. कमी नको, जास्त नको.”

मग त्यानं खरंच तपासलं. पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, परत घ्यायला लावला. नाडी मोजली, मी कान देऊन ऐकलं, ब्याऐंशी. पण लिहायला बसल्यावर पेन थांबलं. मघाचा ओशाळेपणा गेला होता, आता तो खरोखर काळजीत होता.

“बाई, दमा आहे तुम्हाला. थंडीत आला होता. मी ऑक्सिजन नको लिहिलं आणि वर काही झालं तर?”

भाचीचा हात लाडवावर तसाच राहिला. बाईंनी घसरलेल्या चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

“थंडीत आला होता, ते लिही,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर आला नाही, तेही लिही. ठरवू दे तिकडच्याला. त्यानं नको म्हटलं तर मी परत येईन. पण खोट्या कागदापायी मला परत पाठवू नकोस.”

त्यानं लिहिलं. मांडीचं हाड जुळलंय, वजन देता येत न्हाय, गुडघा पुरता वाकत न्हाय. दम्याचा झटका हिवाळ्यानंतर न्हाय. सरळ बसू शकतात. चाकाची खुर्ची आवश्यक. आजार लागण्याचा न्हाय. सोबत पाहिजे. ऑक्सिजनपुढं त्यानं लिहिलं, ‘आज तपासणीत गरज दिसत नाही.’ मला तो कागद पहिल्यापेक्षा फारच मिळमिळीत वाटला.

उस्मानाबादची टॅक्सी केली. मागच्या सीटवर बाई पाय आडवे करून, भाची कोपऱ्यात अंग चोरून, मी पुढं लाडवाचा डबा मांडीवर घेऊन. हैदराबाद येईस्तोवर ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला बाईंचं ‘हं’ ऐकू यायचं. उमरग्याच्या पुढं तो खड्डा यायच्या आधीच ‘हं’ म्हणायला लागला, तेव्हा बाईपण हसल्या.

कंपनीचा डॉक्टर विमानतळावर एका चिंचोळ्या खोलीत होता, पांढऱ्या मिशांचा. आवाजावरून मी त्याला तरणा समजलो होतो. त्यानं कागद वाचला, दोनदा. बाईंची नखं बघितली, ओठ बघितले. मनगट धरलं.

“अम्माँ, एक साँस में गिनती बोलो. जितना होता उतना.”

बाईंनी दम भरला. पण नुसती एक-दोन-तीन म्हणणं त्यांना पोरखेळ वाटला असणार. त्यांनी एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. डॉक्टरचे डोळे त्यांच्या मानेवर. मला पाढा कुठं अडतो ते पाठ, वर्गात मी साताला अडायचो. बाई सातावरून गेल्या. आठाला आवाज बारीक झाला. भाचीनं माझी बाही धरली. नवाचं उत्तर बाहेर पडलं आणि बाई थांबल्या, छाती वरखाली, पण ओठ होते तसेच.

डॉक्टरनं मनगट सोडलं न्हाय. बघत राहिला. बघता बघता श्वास जागेवर आला.

“इत्ते तो मेरे को बी नै होते,” तो म्हणाला, आणि कागदावर सही केली. ऑक्सिजन नको, चाकाची खुर्ची, दाराजवळची सीट, पाय लांब करायला पुढं जागा. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “और तुम्हारी नब्ज? दोनों हाथों में है ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाची खुर्ची विमानापर्यंत गेली, पण पुढं पायऱ्या. दोन हमालांनी बाईंना साध्या हाताच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला आणि एकानं पुढून, एकानं मागून उचललं. बाईंनी वरूनच त्यांना शिकवायला सुरुवात केली. “डावा आधी. तू नाही, तू. हां.” ते दोघं तेलुगू, एक अक्षर कळत नव्हतं, पण डावा पाय आधी पडला. ते विमान जमिनीवर उभं असताना शेपटीवर टेकलेलं असतं, आत पुढं जायला चढण लागते, म्हणून मागच्या दाराजवळचीच सीट. भाची लाडवाचा डबा घेऊन मागोमाग गेली. तो वजनात बसत न्हाय असं कुणीतरी म्हणालं, मग सामानाचा एक कारकून एक लाडू खाऊन गप्प बसला.

पंधरा दिवसांनी पेढीवर बाईंचं कार्ड आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल.

‘मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी खाटेशेजारी खुर्ची लावून बसले होते, रात्रभर तिचा हात माझ्या हातात होता. जावई शिरा चांगला करतात, गोड कमी घालतात. लाडू निम्मे संपले. परतीचा दाखला इथल्या डॉक्टरकडून घेईन, पण घाई करू नकोस. सव्वा महिना तरी मी इथून हलणार नाही.’