झाकणाखालचं उत्तर

लसीकरणाच्या खोलीतल्या सिस्टरना सगळे मागून मास्तरीणबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आवडतही होतं. सुई टोचताना त्यांचं तोंड बंद नसे. बाळाला पाणी कधी पाजायचं, ताप कसा मोजायचा, सगळं समजावून सांगितल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत. घरी नवराही चहा पुढे आला की विचारायचा, "साखर कमी आहे. गैरसमज की तथ्य?" त्या म्हणायच्या, "तथ्य. आणि तीच राहणार."

बाहेरच्या बाकांसमोरचा फलक त्यांच्या डोक्यातून निघालेला. गैरसमज एकीकडे नि तथ्य दुसरीकडे असे फलक कुणी वाचत नाही, म्हणून त्यांनी कोडं केलं. वर मोठ्या अक्षरात एक वाक्य, त्याखाली बारीक अक्षरात 'खरं की खोटं?', हे सगळं पुठ्ठ्याच्या झाकणावर, आणि ते झाकण उचललं की आत उत्तर. पंख्यानं झाकणं फडफडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या खालच्या कडेला गोंदाचा ठिपका लावला. डॉक्टरांनी आतला शब्दन् शब्द तपासून दिला. बाई महिनाभर स्वतःचीच पाठ थोपटत होत्या.

मग एक दिवस आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. तीन दिवस ताप होता. डॉक्टरांनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "कानाला संसर्ग झालाय. औषधानं बरा होईल, घाबरू नका. आधी का नाही आणलंत?"

आई चाचरत म्हणाली, "दात येतायत ना, म्हणून ताप असेल असं वाटलं. बाहेर लिहिलंय तसं. दात येताना ताप येतोच."

बाई दारातच उभ्या होत्या. आपल्या फलकाच्या नावावर असलं काही खपवलेलं त्यांना सहन होईना. "अगं, झाकण उचलून बघायचं ना!" त्या म्हणाल्या. बाकांवरची सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं. "अर्धवट वाचायचं आणि मग आमच्या नावानं सांगायचं!"

आजीला तेवढंच हवं होतं. "मी म्हणतच होते, दाखवून ये. हिला कुठं कुणाचं ऐकायचंय?" पोरगी औषधाची चिठ्ठी घेऊन मान खाली घालून गेली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर बाई फलकापाशी गेल्या, आपलंच खरं असल्याची खात्री करायला. दातांच्या झाकणाला हात लावला. ते निघेना. नखानं गोंद खरवडावा लागला. आत त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होतं: 'खोटं. दात येताना हिरड्या दुखतात, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागू शकतं. पण खरा ताप आला तर तो दातांचा समजू नये, बाळाला दाखवावं. बहुतेक वेळा कारण साधंच असतं.' त्यांनी शेजारचं झाकण ओढून पाहिलं, मग त्याच्या खालचं. बहुतेक सगळी तशीच चिकटलेली.

समोर बाकावर एक बाई बसली होती. एका खांद्यावर झोपलेलं बाळ, दुसऱ्या हाताला पिशवी. झाकण उचलणार कोण, आणि कुठल्या हातानं? महिनाभर आपण दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरात गैरसमज लावून ठेवले होते, आणि वर त्या पोरीलाच बोललो. बाईंना इतकी लाज वाटली की बाकावरच्या बाईकडे बघवेना. फलक त्यांनी स्वतः उतरवला. नवा केला तो अगदी साधा, आधी मोठं तथ्य, मग गैरसमज, 'हा गैरसमज आहे' असं त्याच ओळीत लिहून. पण जीव चुटपुटत राहिला तो राहिलाच.

कान पुन्हा दाखवायला ती पोरगी आली, बरोबर आजीही होती. बाळ आता हसत होतं. आई मात्र बाईंची नजर चुकवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी तिला औषधांच्या कपाटाआड बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझी काही चूक नव्हती. झाकण चिकटलेलं होतं, आणि बाळ घेऊन ते उचलणार तरी कसं? फलकच चुकीचा केला मी. माफ कर मला."

पोरगी म्हणाली, "घरी सासूबाईंचं अजून तेच चाललंय सिस्टर. अर्धवट वाचते, पोराला तापात ठेवते. पाहुण्यांनासुद्धा सांगून झालंय. हे तुम्ही आत सांगून काय उपयोग? त्या दिवशी बाहेर बोललात ना?"

बाईंचा चेहरा उतरला. एवढं साधं आपल्याला सुचू नये! माफीसुद्धा आपण आपल्या सोयीच्या जागी मागत होतो.

त्या बाहेर आल्या. बाकं भरलेली होती, आजी पुढच्याच बाकावर.

"आजी," बाई म्हणाल्या, आणि सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्या सुनेनं जे वाचलं, ते मीच लिहून लावलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती."