कमजोरी म्हणजे कोणती?

लग्नाला काही महिने झाले होते. मी कॉलेजातून आलो की भिंतीला टेकून बसायचो आणि जेवण होताच झोपून जायचो. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे "वाचून वाचून थकते बिचारा," असं आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. बायकोला हे कौतुक पटत नव्हतं. एकदा भाकरी थापताना ती मान वर न करता म्हणाली, "मी आवडत नसन तं सांगून टाका. गुडीहत्नूरले माह्या बापाचं घर हाय अजून."

ती आवडत होती. पण जवळ जायची इच्छाच होत नाही, हे तिला कसं सांगायचं ते मला कळेना.

मी इचोड्याच्या मेडिकलवर गेलो. बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबलो आणि हळूच म्हणालो, "कमजोरी आहे."

आमच्याकडे हायवेच्या भिंतींवर या शब्दाचा एकच अर्थ रंगवलेला असतो. दुकानदारानं तोच घेतला. "नवीन लग्न काय बे? मंग लाजून काऊन राह्यला?" म्हणत त्यानं सोनेरी डबी पुढे सरकवली. डबीवर उधळलेला घोडा होता. मी गोळ्या अभ्यासासारख्या नेमानं खाल्ल्या. छाती तेवढी धडधडली.

पुढे कॉलेजच्या जिन्यात दम लागून खाली बसलो, तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तेलुगू घरच्या, मराठी तोडकंमोडकं. मी खाली बघत पुन्हा "कमजोरी" म्हणालो. भिंतीवरचा अर्थ त्यांना ठाऊक नसावा. त्यांनी पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. जीभ लाल आणि गुळगुळीत होती. पायाला मुंग्या येतात का, असं त्यांनी विचारलं. येत होत्या; मी चपलेला दोष देत होतो. मग घोड्याच्या गोळ्या आणि जवळ जायची न होणारी इच्छा, हेही सांगून टाकलं.

"मटण, अंडी, दूध?"

"घरात तुळशीची माळ आहे, मटण-अंडी चालत नाही. दूध डेअरीला जातं."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि बी बारा फारच खाली.

"रक्त नाही, ताकद नाही. मग इच्छा कुठून येणार?" बाई म्हणाल्या. "इंजेक्शन घे. आधी थकवा जाईल, बाकीचं मागून. घोडा बंद. आणि बायको कशी आहे?"

"तीपण लवकर झोपते," मी म्हणालो.

तिलाही तपासलं. तिच्यात लोह कमी निघालं. पाळीत फार रक्त जायचं, ते तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं. आई तिला आळशी म्हणत होती आणि ती मला बेपर्वा.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "म्हंजे आपण दोघंबी झोपून राह्यलो होतो, आन् एकमेकांवर रुसून."

माझी इंजेक्शनं झाली, तिच्या लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. आम्ही रोज दूध घरी ठेवू लागलो. काही आठवड्यांनी, जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "आज अभ्यास हाय काय?"

मी प्रामाणिकपणे "आहे" म्हणालो. तिनं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.