वर चढलेलं खाली येऊ न देणं

सून घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि पलीकडच्या खोलीत सासू-सासऱ्यांचं जुंपलं होतं. भिंत पातळ, कान तरुण, ऐकू येणारच.

"चारशेला विकले असते तर आज मी तळमजल्यावर असते," सासू म्हणाली.

"आणि चारशेचे पाचशे झाले असते तर?"

"झाले का?"

पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"किती झाले, तेवढं सांगा."

"एकशेतीस," सासरे म्हणाले. आवाज असा, की भाव त्यांनी नाही, शेजाऱ्याने पाडला.

भांडण मिटलं नाही, नुसतं दमलं. सुनेला तेव्हा शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच समजलं, की या घरात काहीतरी वर गेलं होतं आणि कोणी वेळेवर धरलं नाही म्हणून पुन्हा खाली आलं.

सासरे लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि स्वतः राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. सासूचे गुडघे गेलेले. जिन्यात दर वळणावर ती थांबायची आणि तिथूनच नवऱ्याच्या नावाने एक-एक वाक्य वर पाठवायची. तळमजल्यावरचा शिंपी एकटा होता. त्याचं म्हणणं, "वरून दोन लाख द्या, मी तिसऱ्या मजल्यावर जातो, तुम्ही खाली या. मला उजेड हवाच आहे." असा शेजारी पुन्हा मिळायचा नाही. पण दोन लाख आणायचे कुठून?

वर्षं गेली. सुनेने एका शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरी धरली. लोक फोनवर सांगत, ती संगणकावर खरेदी-विक्रीचे हुकूम घालत असे. तोवर सासऱ्यांनी रजेच्या दिवशी गुपचूप आणखी एक उद्योग केला होता: लिफ्टच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचे सहाशे शेअर, दीडशेच्या भावाने. ती मोटार त्यांनी कितीदा उघडून बघितली होती. भाव चढत चढत तीनशेला पोचला आणि घरात पुन्हा त्याच जुन्या भांडणाचा वास सुटला.

"बाबा, आता निम्मे विका," सून म्हणाली.

"वाढतंय ना? मग वाढणारं झाड कोण तोडतं?"

"झाड नाही तोडायचं, निम्मी फळं उतरवायची. तीनशे शेअर विकले की नव्वद हजार हातात. म्हणजे तुमचं मुद्दल सगळं परत. मागे उरतील ते तीनशे वाढू देत की."

"आणि सगळेच विकले तर?" सासू आतून म्हणाली.

"तर एक लाख ऐंशी हजार, आई. शिंपी वीस हजारासाठी अडून बसेल."

सासऱ्यांनी निम्मे विकले, पण दात काढून दिल्यासारखे. पुढच्या आठवड्यात भाव तीनशे चाळीस झाला आणि जेवताना रोज एकच भाजी वाढली जाऊ लागली: "हे तू विकायला लावलेस." सून घास गिळायची आणि उत्तरही.

उरलेल्या तीनशेंना तिने स्टॉप लावला. म्हणजे असं, की भाव ठरलेल्या आकड्यापर्यंत पडला तर शेअर आपोआप विकले जातील. आणि भाव नवा उंच गेला की तो आकडाही मागोमाग वर सरकवायचा. आधी तिने अगदी जवळ, चार टक्क्यांवर लावू म्हटलं, तर मिस्त्री जागे झाले.

"जरा हादरा बसला की पकडणारी लिफ्ट काय कामाची? माणसं अधेमधे अडकतात. हा शेअर रोजच चार-पाच टक्के हिंदकळतो."

हे मात्र त्यांचं खरं होतं, आणि त्याचाच सुनेला जास्त राग आला. शेवटी ठरलं, बाजार बंद होतानाच्या सगळ्यांत उंच भावाच्या दहा टक्के खाली. तीनशे पन्नासला तीनशे पंधरा. चारशे वीसला तीनशे अठ्ठ्याहत्तर. फक्त वर, खाली कधीच नाही.

त्या ऑफिसात स्टॉप एका दिवसापुरताच चाले. संध्याकाळी मिटे, सकाळी पुन्हा घालावा लागे. सासऱ्यांनी ते काम अंगावर घेतलं. रोज बाजार उघडायच्या आधी हातात भाजीची पिशवी घेऊन ऑफिसात हजर. तिथे लिफ्ट होती, पण ते जिन्याने यायचे. म्हणायचे, "तिची दोरी कोणी बघितलीय मला माहीत नाही." ग्राहकाचा हुकूम फोनवरच द्यायचा, कारण बोलणं साठवलं जाई. म्हणून ते सुनेसमोर चार हातांवर उभे राहून, कोपऱ्यातला फोन उचलून सांगत, "हॅलो, सूनबाई आहेत का?" सगळं ऑफिस तोंड लपवून हसायचं. सूनबाई असायच्याच, जाणार कुठे.

चारशे वीसवरून भाव घसरू लागला आणि तीनशे पंच्याऐंशीवर येऊन टेकला. दुसऱ्या सकाळी फोनवर आवाज आला, "आज तीनशे साठ लाव."

सुनेने मान वर केली. समोर सासरे भिंतीकडे बघत उभे.

"बाबा, खाली नाही घ्यायचा असं ठरलं होतं."

"आजच्या दिवस. उसळी येणार आहे, मला कळतं."

"मागच्या वेळीही कळत होतं."

"मी ग्राहक आहे ना? हुकूम माझा."

"तुमचाच," सून म्हणाली, आणि तिचा आवाज कापडासारखा फाटला. "तुम्ही म्हणाल ते घालावंच लागेल मला. फक्त हिशेब ऐका. तीनशे अठ्ठ्याहत्तरला तीनशे शेअर गेले, तर आधीचे धरून दोन लाखांच्या वर. तीनशे साठला गेले तर दोन लाखांच्या आत. शिंप्याला तुम्ही सांगा. आणि आईंनाही तुम्हीच फोन करून सांगा, मी नाही."

त्यांनीही हट्टाने खिशातला फोन काढून घरी लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. शेवटी सासूने उचलला. ती नुकतीच खालून दूध घेऊन चढून आली होती. बोलायला श्वास पुरेना. नुसती धाप ऐकू येत होती. मग तुटक शब्द, "कोण... थांबा... बसते जरा..."

सासऱ्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. कोपऱ्यातला उचलला.

"तीनशे अठ्ठ्याहत्तरच राहू दे."

बाजार उघडून थोडा वेळ झाला आणि ते तीनशे शेअर गेले. तीनशे शहात्तर मिळाले, दोन कमीच. पडत्या बाजारात स्टॉप लागला की मिळेल तो भाव. दलाली-कर जाऊन दोन लाख जेमतेम भरले. शिंपी शिलाईयंत्र घेऊन वर गेला, सासू खाली आली.

भाव मात्र पंधरा दिवसांत चारशेला गेला आणि सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. "बघितलंस? बघितलंस?" सून म्हणाली, "बघितलं." पुढे तो तीनशेच्या खाली आला, तेव्हा त्यांनी पेपरातलं ते पान वाचायचं सोडलं. चूक झाली म्हणाले असते तर सुनेचा निम्मा वैताग गेला असता. पण सुंभ जळला तरी पीळ तसाच.

एवढं मात्र झालं, की पुढचा प्रत्येक शेअर ते असाच विकत: निम्मा चढताना, निम्मा स्टॉपवर. बरीच वर्षं. आयुष्यातल्या शेवटच्या सकाळीही ते आले, जिन्याने, भाजीची पिशवी हातात. कोपऱ्यातला फोन उचलला.

"हॅलो, सूनबाई आहेत का?"

"आहेत, बोला."

"कालच्यापेक्षा तीन वर. खाली नाही, ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाबा."

त्यांनी फोन जागेवर ठेवला, त्याच्या दोरीचा पीळ सोडवला आणि मेथी संपायच्या आत बाजारात जायचं म्हणून लगबगीने जिना उतरले.