प्रबंधाच्या यादीत मेव्हणा

आमची मंडळी, म्हणजे मुलीची आई, वारली त्याच्या पुढच्या वर्षी मुलीची पीएच.डी. संपली. सकाळी प्रबंध बाईंडिंगला द्यायचा आणि दुपारी जमा करायचा होता, नाहीतर मुदत गेली. आदल्या रात्री फक्त संदर्भांची यादी तपासायची राहिली होती. तिच्या मैत्रिणीनं एका कागदावर लिहून दिलं होतं, आधी काय तपासायचं, मग काय. खाली शेरा होता, ‘नवीन काही घालू नकोस. आज अक्कल वाढणार नाही, चुका मात्र वाढतील.’ मला बाई पटली.

मी चौथी पास. पण प्रबंध मराठीत होता, घोटीकडच्या बायका भाताचं बियाणं कसं जपतात यावर. मुलगी प्रबंधातलं कंसातलं आडनाव आणि साल वाचायची, मी यादीत शोधून पेन्सिलीनं टिक करायचो. नाव दोन्हीकडे सापडलं पाहिजे, साल जुळलं पाहिजे, असा कागदाचा हुकूम.

एका ठिकाणी तिनं आडनाव वाचलं आणि मी थांबलो. यादीत नव्हतंच. आणि आडनाव माझ्या मेव्हण्याचं.

“हा कधीपासून एवढा शहाणा झाला? काढ त्याला.”

“आप्पा, मामा नाहीत हो यात.”

“मग आडनाव कुणाचं? दोन वर्षं तांदूळ देतो म्हणतोय, दाणा आला नाही, प्रबंधात बरा घुसला.”

तिचेही डोळे मिटत होते. तिनं आधीचं वाक्य वाचलं, ‘कणगीत पुरुषांना हात घालू देऊ नये, त्यांचे हात कायम ओले असतात.’

मी माझ्या हातांकडे पाहिलं. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं.

झालं होतं असं. आई आजारी पडायच्या आधी मुलीनं तिची मुलाखत टेप केली होती. तिनं नाव सांगितलं ते माहेरचं. टेप ऐकून प्रबंधात तेच गेलं. यादी करताना मुलीनं सवयीनं आमचं आडनाव टाकलं. म्हणून एक बाई दोन ठिकाणी अर्धी अर्धी.

“आता एकच ठेवायचं,” मुलगी म्हणाली. “कुठलं?”

“आपलं. विचारायचं काय त्यात?”

“टेपवर आई काय म्हणाली ते लावू?”

तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. “नको,” म्हटलं. “तिनं सांगितलं ते ठेव. सांगताना मला विचारलं होतं का तिनं?”

आमचं आडनाव ‘म’वरून, तिचं ‘आ’वरून. त्यामुळे वर्णक्रमानं ती एकदम सगळ्यांच्या वर गेली, भल्याभल्या प्राध्यापकांच्या डोक्यावर. मुलीनं ते पान पुन्हा छापलं. नव्या पानावर मी पहिली टिक तिच्या नावापुढे केली, हात पुसून.

प्रबंध वेळेत गेला. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आमच्या नावावर डॉक्टर झाली, आणि तांदूळ तर मग विसरायचाच.