पाचवी ओळ

शिधापत्रिका कार्यालयात फाटकी कार्डं नव्या कार्डांवर उतरवण्याचं काम तिच्याकडे होतं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे तिला टाकबाई म्हणत. अनुक्रमांक, नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, हे चार रकाने ती बावीस वर्षं भरत होती. तेही कंत्राटावर.

एके दिवशी एका दुकानदाराने कार्ड आणलं. प्रमुख होते त्याचे वडील. ते वारले होते, दाखला जोडला होता. धाकटा भाऊ आधीच वारला होता, त्याच्या नावावर लाल रेघ होती. पाचव्या ओळीत त्या भावाची बायको, सून, वय सव्वीस. सहाव्या ओळीत तिची मुलगी.

"पाच-सहा सोडून द्या. आणि प्रमुख म्हणून माझं नाव घाला," तो म्हणाला.

"त्या कुठे गेल्या?"

"घरातच आहेत. पण वेगळ्या होणारच आहेत आज ना उद्या."

"होतील तेव्हा त्या स्वतः अर्ज देतील. त्यांच्या सहीशिवाय नाव कमी होत नाही."

तो मोठ्या कारकुनांकडे गेला. दोघांची जुनी ओळख होती. कारकून टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "टाकबाई, नकलेत एखादी ओळ राहून जाते. कुणाचं काय बिघडतंय?"

"राहून जाणं वेगळं साहेब, गाळणं वेगळं. खाली 'मुळाबरहुकूम नक्कल' लिहून सही मी करते."

"पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपतंय."

"संपू दे. सही माझीच राहील ना त्यावर?"

तिने दुकानदाराला सांगितलं, "प्रमुख घरातली सगळ्यात मोठी बाई होते, असा नियम आहे. आईंना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली, धाकट्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून; मागोमाग दुकानदार. टाकबाईने कोरं कार्ड ओढलं. कार्ड तीन वर्षांपूर्वीचं, म्हणून दाखले पाहून प्रत्येकाचं वय पुढे नेलं. म्हातारीपुढे 'पत्नी' होतं, तिथे 'स्वतः' आलं. मुलगा मुलगाच राहिला, सुना सुनाच. प्रमुख मुलगा झाला असता, तर धाकटी 'भावजय' झाली असती.

"आजी, धाकट्या सूनबाई आणि नात, दोघींना ठेवायचं ना?"

म्हातारीने मुलाकडे पाहिलंच नाही. "ही माझी सून आहे. मी जिवंत आहे तोवर हिला कोण काढतो ते बघते. लिही बाई, नीट वाचता येईल असं लिही."

टाकबाईने लिहिलं : सून, वय एकोणतीस. खाली : नात, वय सहा.

महिनाभराने तिचं कंत्राट खरंच वाढवलं नाही. ती गेली आणि कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देऊ लागली. कारकून समोरून गेले की मान वर करून म्हणायची, "या साहेब, काही लिहून हवंय?"