मावशीच्या घरघंटीचं जवळचं केंद्र

मावशीची घरघंटी ऐन लग्नसराईत बंद पडली. बटण दाबलं की नुसती गुं गुं करायची, पातं फिरायचं नाही, आणि थोड्या वेळानं जळकट वास यायचा. मी तेव्हा परीक्षा संपवून आखाडा बाळापूरला तिच्याकडे आले होते. ओट्यावर बायकांचे डबे रांगेनं ठेवलेले होते: ज्वारी, डाळी, कुणाच्या नातवासाठी नाचणी.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मावशीचं शेतात जाणं थांबलं होतं. घरात बसून दुसऱ्याच्या हाताकडं बघायचं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिनं ही मशीन घेतली. दळण तिचं, गिऱ्हाईक तिचं. त्यामुळं ती बंद पडल्यावर घरातल्या पुरुषांना जे दुरुस्तीचं साधं काम वाटत होतं, ते तिला तसं वाटत नव्हतं.

तिचे दीर दुसऱ्याच दिवशी मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीनं वास घेतला आणि म्हणाला, "मोटारीचं वाइंडिंग जळलंय. उघडू का?"

"थांबा," मावशी म्हणाली. "ह्या मागच्या स्टिकरावर काय लिहिलंय?"

मिस्त्री प्रामाणिक होता. "हे फाटलं की कंपनी हात वर करील, काकू. वॉरंटी गेली समजा."

"मग नका उघडू."

"वहिनी, कंपनी काय तुमच्या दारात येऊन राहिली का?" दीर हसले. "ती पेटीवर लिहायची भाषा असती. चार दिवसांत सगळी गिऱ्हाईकं मोठ्या गिरणीवर जातील."

"जाऊ द्या. लिहिलंय तर करतील. न्हाई केलं तर बघू."

उघडली तर वॉरंटी जाणार, न उघडली तर गिऱ्हाईक जाणार. मध्ये मावशी, एकटी.

आमच्या घरी वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची. बाबा कामगारांच्या सभांतून उरलेले गठ्ठे आणत, आणि अक्षरओळख झाल्यापासून मी तेच वाचत आले. त्यामुळं माझ्या डोक्यात लगेच कंपनीविरुद्धचं निवेदन तयार झालं होतं. मावशीला निवेदन नको होतं. तिला नंबर हवा होता.

मी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर जवळचे' असं टाकलं. सगळ्यात वर आलेला नंबर स्पीकरवर लावला. माणूस गोड हिंदीत बोलला. नोंदणीसाठी थोडे पैसे पाठवा, एक अ‍ॅप टाका, आज संध्याकाळी माणूस येतो. मी अ‍ॅप उतरवायला लागले तेवढ्यात मावशीनं माझा हात धरला.

"त्यानं मशीन कोणती ते इचारलं का? कधी घेतली ते? बिल?"

"न्हाई."

"नुसते पैसे इचारले. ठेव तो फोन."

मग तिनं ट्रंकेतून वॉरंटी कार्ड काढलं. त्यावर कंपनीचा फुकटचा नंबर छापलेला होता. तो लावला. भाषा निवडा, हे दाबा, ते दाबा, आणि मग एक मुलगी बोलली. तिनं मशीनच्या मागचा सिरीयल नंबर विचारला, खरेदीची तारीख विचारली, पिनकोड विचारला. मावशी एकेक आकडा सावकाश सांगत होती.

"जिल्हा?"

"परभणी," मावशी म्हणाली.

थोड्या वेळानं मेसेज आला. तक्रारीचा नंबर आणि परभणीच्या केंद्राचा पत्ता. मावशीचं लग्न झालं तेव्हा बाळापूर परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा नंतर झाला, पण तिच्या पिढीच्या तोंडातून परभणी अजून जात नाही. मला ते तेव्हा खटकलंच नाही.

परभणीहून फोन आला तो नकाराचाच. "बाळापूर आमच्या हद्दीत नाही बसत, काकू. येण्याजाण्याचा खर्च लागंल. न्हाईतर मशीन इकडं आणा."

"एवढं धूड मी एसटीत मांडीवर घेऊन येऊ का?" मावशीनं विचारलं. तो हसला, पण येतो म्हणाला नाही.

दीर दारातच होते. "बघा. मिस्त्रीला परत बोलावू?"

"भावजी, चहा घ्या," एवढंच ती म्हणाली.

मी कंपनीच्या साइटवर गेले. राज्य निवडलं, जिल्ह्यांत हिंगोली निवडलं. खाली एकच ओळ: या ठिकाणी केंद्र उपलब्ध नाही. एवढे तालुके, एवढी गावं, सगळीकडं यांचं सामान विकलं जातं. दुकानं आहेत, जाहिराती आहेत, आणि दुरुस्तीच्या यादीत मात्र आम्ही नाही. विकताना सगळा देश जवळ असतो. हे मी मोठ्यानं बोलले असणार, कारण मावशी म्हणाली, "भाषण नंतर दे. शेजारचा जिल्हा टाक. आपल्या नळाला पाणी न्हाई आलं तर शेजारी जातोच की आपण."

नांदेड टाकलं. केंद्र निघालं. तिथला माणूस म्हणाला, "बाळापूरला आमची फेरी असती, येतो की. पण तक्रार आमच्या नावावर पाहिजे. पार्ट कंपनी तक्रारीवरच देती. ती परभणीवर पडलीय."

म्हणजे पुन्हा तोच फुकटचा नंबर. या वेळी दुसरी मुलगी होती. जिल्हा हिंगोली केला तर तिच्या कंप्युटरला केंद्रच सापडेना, म्हणून तो पुन्हा परभणीच दाखवत होता.

"लेकरा, तू कुठली?" मावशीनं विचारलं.

"मी पुण्यात बसते, मॅडम."

"मग ऐक. आमच्या फाट्यावर उभं राह्यलं की नांदेडची गाडी हात दाखवला की थांबती. परभणीला जायाचं तर वसमतला गाडी बदलावी लागती. आता तूच सांग, जवळ काय?"

मला वाटलं, फोन कट करणार. पण ती म्हणाली, "होल्डवर थांबता का? मी वरच्यांना विचारते. कट करू नका हं, मॅडम."

मावशी फोन कानाला लावून भिंतीला टेकून बसली. होल्डचं संगीत पुन्हा पुन्हा सुरू होत होतं. एक बाई येऊन आपला डबा घेऊन गेली. मावशीनं मानेनंच निरोप दिला. शेवटी ती मुलगी परत आली. "तक्रार नांदेडला ट्रान्स्फर केलीय. मेसेज येईल." आलाही. त्या मुलीचं कौतुक मला आजही वाटतं. तिला काही पडलेली नव्हती, तरी ती आमच्यासाठी खुर्चीवरून उठली.

नांदेडचा माणूस मोटारसायकलवर आला. आधी मागचं स्टिकर बघितलं, बिल बघितलं, मग उघडलं. "मोटार गेली. वॉरंटीत आहे." पुढच्या फेरीला नवी मोटार घेऊन आला आणि बसवली. मग मोबाईलवर आलेला कोड मागितला, तक्रार बंद करायला.

"आधी पीठ पडू दे," मावशी म्हणाली. ज्वारी ओतली. पीठ पडलं. चिमटीत घेऊन चोळलं, आणि मग कोड सांगितला.

जाताना तो म्हणाला, "काकू, माझा नंबर घ्या. पुढच्या टायमाला डायरेक मला लावा. कंपनीची तकलीफ कशाला?"

"नंबर दे. चहाला बोलवायला," मावशी म्हणाली. "तक्रार मी तिकडंच करीन. बाळापूरहून कुणी फोनच न्हाई केला, तर त्यांच्या यादीत हिंगोली येणार कशी?"

तो हसत मोटारसायकलला किक मारायला लागला. मावशी आत वळली आणि मला म्हणाली, "जा, त्या डबा नेलेल्या बाईला सांगून ये. म्हणावं, गिरणीच्या रांगेत उभी असशील तर परत ये."